डाळमिल विकली, पण शेवटचे तीस लाख कशावर ठरणार?

अकोल्याच्या एमआयडीसीतली डाळमिल विकायला निघाली की बोलणी बहुतेक एकाच जागी अडतात. विकणारा म्हणतो, माझी छाप बाजारात वर्षानुवर्षं चालते, दलाल बांधलेले आहेत, दोन कोटी वीस लाखांच्या खाली बोलू नका. घेणारा म्हणतो, छाप तुमच्या नावावर चालते. तुम्ही घरी बसल्यावर ती चालेल कशावरून? मी दीड कोटी देतो. मग मधला माणूस तोड काढतो. दीड कोटी आता घ्या, चाळीस लाख दोन वर्षांत हप्त्यांनी घ्या, आणि राहिलेले तीस लाख धंदा तुम्ही म्हणता तसा झाला तर घ्या. दोघांचंही समाधान होतं, कारण दोघांनाही आपापला आकडा मिळाल्यासारखा वाटतो. खरं तर किमतीवरचा मतभेद मिटलेला नसतो, तो दोन वर्षं पुढे ढकललेला असतो.

वरचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पुढेही हीच मिल धरून चालू. पण सौद्याची घडण वऱ्हाडात सर्रास दिसते, मग ती अकोल्यातली डाळमिल असो, अमरावतीतलं कापडाचं दुकान असो की दर्यापूरचं कृषी सेवा केंद्र.

पहिली गोष्ट, चाळीस लाख आणि तीस लाख या दोन वेगळ्या जातीच्या रकमा आहेत. चाळीस लाख देणं आहेच, फक्त तारीख पुढची आहे. तीस लाख देणं होईल किंवा होणारही नाही. सल्लागार मंडळी याला ‘अर्न-आउट’ म्हणतात. करारात मात्र बऱ्याचदा एकच ओळ असते: ‘उर्वरित रक्कम रुपये सत्तर लाख दोन वर्षांत, धंद्याच्या प्रगतीनुसार.’ या ओळीनं विकणाऱ्यानं स्वतःचे चाळीस लाखही अटीला बांधून दिले. पुढे हप्ता मागायला गेलं की उत्तर येतं, प्रगती कुठं झाली? म्हणून दोन रकमांसाठी दोन स्वतंत्र कलमं हवीत, आणि चाळीस लाखांच्या कलमात स्पष्ट लिहायला हवं की ही रक्कम नफा, विक्री किंवा अन्य कशावरही अवलंबून नाही.

उलाढालीचा सापळा

तीस लाखांसाठी लक्ष्य काय ठेवायचं, असा प्रश्न आला की सगळ्यांच्या तोंडी पहिल्यांदा ‘टर्नओव्हर’ येतो. तुरीच्या धंद्यात हे माप सर्वांत धोक्याचं आहे.

२०२४ च्या मध्यात तुरीचे भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर होते. नवा माल आल्यावर, २०२५ च्या सुरुवातीला, ते सात-साडेसात हजारांच्या आसपास उतरले. आता आपली मिल घ्या. मालकानं विकण्यापूर्वीच्या वर्षात १८,००० क्विंटल डाळ विकली, सरासरी १५,००० रुपयांनी. उलाढाल २७ कोटी. त्यावरून करारात लक्ष्य ठरलं, वर्षाला २६ कोटी. नव्या मालकानं चांगली मेहनत केली, १९,५०० क्विंटल डाळ विकली. पण डाळीचा भाव सरासरी १०,५०० वर आला होता. उलाढाल झाली साडेवीस कोटींच्या आतबाहेर. डाळ आठ टक्के जास्त गेली आणि लक्ष्य साडेपाच कोटींनी हुकलं. विकणारा विचारणारच, “धंदा तं वाढला, मंग माह्ये पैसे काऊन नाई?” आणि कराराच्या शब्दांत बघाल तर घेणाऱ्याचं काहीच चुकत नाही.

उलटंही होतं. भाव चढलेल्या वर्षात निम्मे दलाल तुटले तरी उलाढाल लक्ष्याच्या वर जाते, आणि जी छाप टिकली नाही तिच्यासाठी घेणाऱ्याला त्या वर्षाचे पंधरा लाख मोजावे लागतात. अर्न-आउट ठेवला होता छाप आणि गिऱ्हाईक टिकतं का हे पाहायला. मोजला गेला तो बाजारभाव.

म्हणून अशा धंद्यात लक्ष्य क्विंटलमध्ये ठेवावं. वजनाला भावाची लागण होत नाही. त्यात आणखी एक सोय आहे. तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीत सुरू होते आणि मार्चअखेर गोदाम कच्च्या मालानं भरलेलं असतं. लक्ष्य नफ्यावर किंवा उलाढालीवर असेल तर हिशेब ३१ मार्चला तोडावा लागतो, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या गाड्या एप्रिलमध्ये भरल्या की आकडा हलतो. क्विंटलचा हिशेब मात्र ताबा दिलेल्या तारखेपासून बारा-बारा महिन्यांचा धरता येतो. त्याला ऑडिटची वाट पाहावी लागत नाही.

पण ‘क्विंटल’ एवढं लिहून भागत नाही. कोणता क्विंटल? तूर आत आली तिचं वजन, की डाळ बाहेर गेली तिचं? क्विंटलभर तुरीतून मिलमध्ये साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ निघते, बाकी चुनी, कणी, टरफल. फटका डाळ आणि सव्वा नंबर दोन्ही धरायचे का? दुसऱ्याची तूर मजुरीवर भरडून दिली तर ती मोजायची का? घेणाऱ्याची मूर्तिजापूरला आधीच एक मिल असेल आणि तिथली डाळ तो तुमच्या छापेच्या कट्ट्यात भरू लागला, किंवा तुमच्या दलालांची ऑर्डर तिकडून पुरवू लागला, तर ती कोणाच्या खात्यात? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त भांडणं लावतो, कारण त्यात कुणी खोटं बोलत नसतं. ज्याच्या दोन मिली आहेत तो स्वस्त पडेल तिथं माल काढणारच. त्यामुळे माझ्या मते व्याख्या अशी हवी: ठरलेल्या छापेखाली, किंवा परिशिष्टात नावं दिलेल्या दलाल-गिऱ्हाइकांना, घेणाऱ्यानं अथवा त्याच्या कुटुंबाच्या कोणत्याही फर्मनं, कोणत्याही मिलमधून विकलेली तूरडाळ, मजुरीचा माल, चुनी आणि कणी वगळून. ते परिशिष्ट तयार करायला एक दुपार लागते. लोक तेवढं टाळतात.

चिठ्ठीवरची विक्री

इथं एक अवघड विषय आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. कित्येक धंद्यांत विकणारा जो आकडा तोंडी सांगतो त्यात कच्च्या चिठ्ठीवरचा माल धरलेला असतो. सौदा त्या तोंडी आकड्यावर होतो, लक्ष्यही त्यावर ठरतं. पुढे घेणारा पक्क्या बिलांची वही समोर ठेवतो आणि लक्ष्य दूर राहतं. विकणाऱ्याला लवादापुढे सांगताच येत नाही की माझी खरी विक्री यापेक्षा जास्त होती, कारण ते सांगणं म्हणजे स्वतःच्या विवरणपत्राविरुद्ध साक्ष देणं. दुसऱ्या बाजूनं, घेणाऱ्यानं काही माल चिठ्ठीवर काढला की लक्ष्यही चुकतं आणि पुरावाही उरत नाही.

उपाय दोन. लक्ष्य फक्त कागदावर सिद्ध होणाऱ्या मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून ठरवायचं. तोंडी आकडा किमतीच्या घासाघिशीत वापरा, लक्ष्यात नको. आणि मोजणीला अशी साक्ष जोडायची जी घेणाऱ्याच्या मुनिमाच्या हातात नाही. धर्मकाट्याच्या पावत्या, बाजार समितीच्या सेसच्या पावत्या, बारदान्याची खरेदी, आणि महावितरणचं बिल. शेवटचं फार बोलकं असतं. ताबा देण्याआधीच्या बारा महिन्यांत किती युनिट वीज लागली आणि किती क्विंटल तूर भरडली, याचं प्रमाण करारालाच जोडून ठेवा. पुढे वीज तेवढीच जळते आहे आणि वहीतली तूर पाचव्या हिश्श्यानं घटली असेल तर वही उघडायला कारण मिळालं. एवढंच की, नवं सॉर्टेक्स किंवा ड्रायर बसवला की हे प्रमाण बदलतं. त्यामुळे वीजबिल शंका घ्यायला पुरतं, रक्कम ठरवायला नाही.

नफ्याचं लक्ष्य आणि अडतीचे साठ रुपये

घेणाऱ्याचा वकील बहुधा लक्ष्य नफ्यावर ठेवायला सांगतो, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबरही आहे. तोट्यात माल फुंकून वजनाचं लक्ष्य गाठण्यात त्याला काय रस? पण नफ्याचा आकडा ज्याच्या हातात वही त्याच्या हातात असतो. घेणाऱ्याची स्वतःची अडत आहे असं धरा. मिलसाठीची तूर तो स्वतःच्या अडतीतून क्विंटलला साठ रुपये चढवून घेतो. वर्षाला २५,००० क्विंटल तूर लागत असेल तर मिलच्या नफ्यातले पंधरा लाख अडतीच्या खात्यात गेले. घरातला पैसा घरातच राहिला, लक्ष्य मात्र हुकलं. याशिवाय मुलाचा पगार, गाडीचा हप्ता, मिल घ्यायला काढलेल्या कर्जाचं व्याज, यंत्रांची किंमत वाढवून दाखवल्यावरचा घसारा हे सगळं नफ्यातून वजा होतं, आणि यातलं काहीही बेकायदा नाही.

नफ्यावरच ठेवायचं असेल तर ढोबळ नफा घ्या, निव्वळ नको. ढोबळ म्हणजे डाळ, चुनी, कणी यांच्या विक्रीतून तूर, मजुरी, वीज, बारदाना आणि गाडीभाडं वजा करून जे उरतं ते. त्याच्या खालचं काहीच मोजायचं नाही. घरच्या फर्मशी झालेला व्यवहार त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावानं धरायचा, वहीतल्या भावानं नाही. आणि विकण्यापूर्वीच्या वर्षाचा हिशेब याच पद्धतीनं मांडून नमुना म्हणून जोडायचा. व्याख्येच्या चार परिच्छेदांपेक्षा असा आकड्यांचा एक नमुना भांडण जास्त रोखतो, कारण वाद आला की दोन्ही सीए तोच कागद समोर ठेवतात.

एका क्विंटलसाठी पंधरा लाख

लक्ष्य १८,००० क्विंटल, गाठलं तर वर्षाचे पंधरा लाख, नाही तर शून्य. अशा कलमात १७,८४० क्विंटल झाले तर काय? एकशे साठ क्विंटल म्हणजे ट्रकभर माल. शेवटच्या महिन्यात तेवढा माल थांबवण्याचा मोह घेणाऱ्याला होतो, आणि तो झाला नसला तरी विकणाऱ्याला तसा संशय येतोच. माल खरोखर पावसामुळे थांबला असला तरी नातं संपलं.

पायरीऐवजी उतार ठेवा. १५,००० क्विंटलपर्यंत काही नाही. त्यावर प्रत्येक क्विंटलला पाचशे रुपये, पंधरा लाखांपर्यंत. आता १७,८४० ला २,८४० गुणिले पाचशे, म्हणजे चौदा लाख वीस हजार मिळतात. एक गाडी मागंपुढं झाली तर फरक ऐंशी हजारांचा, पंधरा लाखांचा नाही. त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. दोन वर्षांचा हिशेब एकत्र धरायचा, म्हणजे एका वर्षाची तूट दुसऱ्या वर्षाच्या वाढीनं भरून निघेल, ही सवलतही मागून घ्यावी. वऱ्हाडात एक खरीप बिघडलं तर त्याची शिक्षा विकणाऱ्याला का?

सरकारच्या निर्णयांचंही कलम हवं. केंद्रानं २ जून २०२३ रोजी तूर-उडदावर साठामर्यादा लावली. मिलवाल्यांना मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त तेवढाच साठा ठेवता येत होता. सप्टेंबरमध्ये ती मर्यादा एक महिना किंवा १० टक्के इतकी आवळली. असं काही घडलं तर त्या महिन्यांपुरतं लक्ष्य घटेल की मुदत वाढेल, हे आधीच ठरवा. मला मुदतवाढ जास्त बरी वाटते. किती घटवायचं यावर नवा वाद उभा राहतो, तीन महिने वाढवण्यावर राहत नाही.

धंदा कोण चालवणार

विकणाऱ्याच्या गळी एक गोष्ट उतरत नाही: ताबा दिल्यावर मिल त्याची नसते. घेणाऱ्यानं उधारी बंद केली, जुना मुनीम काढला, हलकी तूर घ्यायला सुरुवात केली, तर लक्ष्य हुकेल. पण तसं करण्याचा त्याला अधिकार आहे, जोवर करारात बंधन नाही. अमेरिकेत डेलावेअरच्या न्यायालयापुढे २००९ मध्ये एक प्रकरण आलं होतं. मुलांनी हात नीट धुवावेत म्हणून हातावर शाईचा ठिपका उमटवणारा साबण बनवणाऱ्या छोट्या कंपनीनं आपला धंदा एअरबॉर्न या मोठ्या कंपनीला विकला. रोख दहा लाख डॉलर आणि लक्ष्यं गाठली तर आणखी दोन कोटी पासष्ट लाखांपर्यंत. लवकरच एअरबॉर्न स्वतःच्याच उत्पादनाच्या जाहिरातीतल्या दाव्यांवरून अडचणीत आली, साबण बाजारात उठलाच नाही, आणि विकणाऱ्याला पुढची रक्कम मिळाली नाही. करारानं घेणाऱ्यावर जे बंधन घातलं नव्हतं ते न्यायालयानंही घातलं नाही.

अकोल्यात एवढी मोठी रक्कम नसेल, पण धडा तोच लागू पडतो. ‘घेणारा प्रामाणिकपणे प्रयत्न करील’ या वाक्याचा उपयोग थोडा. त्याऐवजी मोजता येतील अशा तीन-चार गोष्टी लिहा: दोन वर्षं छाप बदलायची नाही; तुरीच्या खरेदीसाठी किमान अमुक इतकं खेळतं भांडवल ठेवायचं; परिशिष्टातल्या दलालांची दलाली कमी करायची नाही; मिल सलग तीस दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवली किंवा पुढे तिसऱ्याला विकली तर तीस लाख पूर्ण देय. शेवटची अट घेणाऱ्याला जड वाटेल, पण तीच सर्वांत कामाची.

घेणाऱ्याच्या बाजूचंही ऐकायला हवं. विकणारा पैसे घेऊन सहा महिन्यांत जावयाच्या नावानं दुसरी मिल टाकतो आणि जुन्या दलालांना फोन लावतो, हेही घडतं. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार धंदा करण्यावर बंदी घालणारा करार सहसा रद्दबातल असतो. पण धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकली असेल तर वाजवी हद्दीत तसाच धंदा न करण्याचं बंधन टिकतं. त्यामुळे करारात गुडविल विकल्याचं आणि तिच्या किमतीचं वेगळं वाक्य हवं, हद्द अकोला-वाशीम-अमरावतीसारखी ठोस हवी, आणि बंधन जवळच्या नातेवाइकांमार्फतही मोडता येणार नाही असं लिहिलेलं हवं. ते मोडलं तर उरलेली अर्न-आउटची रक्कम बुडेल, अशी जोडणी करता येते. हप्त्यांच्या चाळीस लाखांना मात्र विकणाऱ्यानं हात लावू देऊ नये.

चाळीस लाखांचे हप्ते

ठरलेल्या हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे धनादेश घेण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे, फक्त तिच्या तारखा पाळाव्या लागतात. धनादेश त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. ‘जरा थांबा भाऊ, कापूस विकला की देतो’ यात हे महिने निघून जातात. आणखी एक खाच आहे. दहा लाखांच्या धनादेशापोटी मध्येच तीन लाख रोख किंवा आरटीजीएसनं घेतले आणि मग पूर्ण दहाचा धनादेश तसाच टाकला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार कलम १३८ ची फिर्याद टिकत नाही. घेतलेली रक्कम धनादेशाच्या मागे नोंदवा, किंवा सरळ नवा सात लाखांचा धनादेश घ्या.

तीस लाखांसाठी कोरा धनादेश घेऊन ठेवणारे पुष्कळ आहेत. रक्कमच ठरलेली नसताना देणं कुठलं, हा बचाव तिथं लगेच उभा राहतो. त्यापेक्षा अर्न-आउटला ज्याच्या नावावर घर किंवा दुकान आहे अशा माणसाची लेखी जामीनकी बरी.

हप्ता थकला तर काय, हेही लिहा. एक हप्ता तीस दिवसांवर थकला की बाकीचे सगळे एकदम देय, आणि ठरावीक दरानं व्याज. हे नसेल तर प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी मुदत मोजत बसावं लागतं. दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या-त्या हप्त्याच्या तारखेपासून सुरू होते. शिवाय घेणाऱ्याची बँक कर्जमंजुरीच्या पत्रात बऱ्याचदा अट घालते की विकणाऱ्याचं देणं बँकेच्या हप्त्यानंतर. ते पत्र सहीच्या आधी मागून वाचा. त्यातली एक ओळ तुमच्या कराराच्या तारखा निरर्थक करू शकते.

आणि वजावट. घेणारा हप्ता कापतो तो बहुधा जुन्या देण्यांच्या नावानं, आणि त्याची भीती खोटी नसते. धंदा हस्तांतरित झाला तर आधीच्या जीएसटीच्या थकबाकीसाठी दोघंही जबाबदार धरले जातात, आणि वीजबिलाची जुनी थकबाकी त्याच जागेच्या नव्या मालकाकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मान्य केलं आहे. तरीही ‘काही देणी निघतील’ म्हणून अख्खा हप्ता अडवणं वेगळं. करारात असं असावं की वजावट फक्त लेखी मागणी आलेल्या आणि घेणाऱ्यानं प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची, पावतीसह, आणि विकणाऱ्याला पंधरा दिवसांची सूचना देऊन.

उधारीची वही

अमरावती जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या विक्रीत आणखी एक गंमत असते. बियाणं, खत, कीटकनाशक यांचे परवाने माणसाच्या नावावर असतात, त्यामुळे घेणाऱ्याला ते स्वतःच्या पात्रतेवर नव्यानं काढावे लागतात. तोवर विक्रीचं लक्ष्य सुरूच होऊ नये. पण खरा वाद उधारीवर होतो. खरिपात नेलेला माल, पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर. समजा, जुनी अठरा लाखांची उधारी नव्या मालकाकडे सोपवली आणि ठरलं की वसूल होईल तसे ऐंशी टक्के जुन्या मालकाला. दिवाळीनंतर शेतकरी येतो आणि वीस हजार टेबलावर ठेवतो. त्याच्याकडे जुने वीस हजार आहेत आणि या हंगामातले नवे वीस हजारही. हे पैसे कशात जमा?

करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ याच प्रश्नासाठी आहेत. देणाऱ्यानं सांगितलं तर त्या खात्यात. त्यानं सांगितलं नाही तर पैसे स्वीकारणारा ठरवील त्या खात्यात. दोघांनीही ठरवलं नाही तर सर्वांत जुन्या देण्यात. नवा मालक अर्थातच नव्यात जमा करतो, कायद्यानं तो मोकळा आहे, आणि जुन्या मालकाची वसुली वर्षभर शून्य दिसते. एक ओळ पुरते: ज्याच्याकडे जुनी बाकी आहे त्याच्याकडून आलेली प्रत्येक रक्कम आधी जुन्या बाकीत. घेणाऱ्याला हे अन्यायाचं वाटलं तर निम्मी-निम्मी करा, पण लिहा.

हिशेब कोण करणार, आणि कर

मोजणीचं वेळापत्रक साधं ठेवा. वर्ष संपल्यावर पंचेचाळीस दिवसांत घेणाऱ्यानं तक्ता द्यायचा, तीस दिवसांत विकणाऱ्यानं हरकती घ्यायच्या, त्याही बाबनिहाय. ‘हिशेब मान्य नाही’ ही हरकत नाही. ज्या भागावर वाद नाही तो लगेच द्यायचा. उरलेल्यावर दोघांपैकी कुणाचंही काम न करणारा, करारातच नाव दिलेला सीए महिन्याभरात निर्णय देईल. तक्ता मुदतीत दिलाच नाही तर लक्ष्य गाठलं असं धरायचं. ही ओळ नसली की घेणाऱ्याला गप्प बसणं सर्वांत स्वस्त पडतं. कराराच्या अर्थाचे वाद एकाच लवादाकडे, ठिकाण अकोला किंवा अमरावती. हे कलम नसेल आणि दावा वाणिज्य न्यायालयात गेला, तर तातडीची मागणी नसल्यास आधी मध्यस्थीचा टप्पा सक्तीचा आहे, हे ध्यानात ठेवा.

कराचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो आधी विचारावा. अजून न मिळालेल्या तीस लाखांवर यंदाच कर भरायचा का? मुंबई उच्च न्यायालयापुढे २०१६ मध्ये असंच प्रकरण आलं होतं. एका कंपनीच्या भागधारकांनी जानेवारी २००६ च्या करारानं शेअर विकले. २ कोटी ७० लाख सुरुवातीला, बाकी पुढच्या वर्षांच्या कामगिरीच्या सूत्रानुसार, सगळं मिळून जास्तीत जास्त २० कोटी. प्राप्तिकर खात्यानं अख्खे वीस कोटी पहिल्याच वर्षाचं उत्पन्न धरलं. न्यायालयानं ते मानलं नाही: वीस कोटी ही कमाल मर्यादा होती, मिळण्याचा हक्क निर्माण झालेली रक्कम नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र आधीच्या एका प्रकरणात पुढे मिळणारी रक्कमही विक्रीच्याच वर्षात करपात्र धरली होती. आपल्याकडे मुंबईचा निकाल लागू, तरी त्याचा फायदा कराराच्या भाषेवर ठरतो. ‘किंमत २ कोटी २० लाख, पैकी तीस लाख नंतर’ असं लिहिलंत तर तीस लाखांचा हक्क आजच निर्माण झाल्यासारखा दिसतो. ‘किंमत १ कोटी ९० लाख, आणि सूत्रानुसार देय झाल्यास अधिक कमाल तीस लाख’ असं लिहिलं तर गोष्ट वेगळी. त्या चाळीस लाखांवर मात्र ही सवलत धरू नका, ते ठरलेलं देणं आहे.

आणि विकणारा दोन वर्षं सल्लागार म्हणून मिलवर बसणार असेल, तर तीस लाख ‘तो नोकरीत राहिला तरच’ अशा अटीला बांधू नका. तसं केलंत की ती रक्कम धंद्याच्या किमतीऐवजी पगार ठरण्याचा धोका असतो, आणि कर त्या दरानं लागतो. त्याचं मानधन वेगळ्या कागदावर, वेगळ्या रकमेचं ठेवा.